बेंच शाळेत, बिल कचेरीत

जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी 400 ड्युअल डेस्क हवेत, अशी निविदा निघते. तालुक्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शेड चालवणारा एखादा तरुण ती बघतो. पाईप, प्लाय आणि पावडर कोटिंगचे 11 लाख, मजुरी आणि टेम्पोचे 3 लाख, म्हणजे डेस्कमागे खर्च साडेतीन हजार. चार हजारांचा दर भरला तर 2 लाख सुटतात. हिशेब चोख असतो. फक्त त्यात पैसे कधी येणार हा रकाना नसतो.

आधी निविदा भरण्याचं बघू. mahatenders.gov.in वर सगळं ऑनलाइन असतं आणि लिफाफे दोन. तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी, उलाढालीचा सीएचा दाखला, आधी केलेल्या पुरवठ्याची प्रमाणपत्रं, प्रतिज्ञापत्र. त्यात पास झालात तरच दराचा लिफाफा उघडतो आणि सर्वात कमी दरवाला, म्हणजे एल-वन, ठरतो. माणसं दरावर हरतात त्याहून वाईट म्हणजे दर उघडायच्या आधीच बाद होतात, आणि कारणं क्षुल्लक असतात. दराची एक्सेल फाइल साइटवरून उतरवायची, भरायची आणि त्याच नावाने चढवायची. कुणीतरी तिला सोयीचं नाव देतं आणि साइट ती नाकारते. सगळं चढवल्यावर Freeze Bid Submission हे बटण दाबावं लागतं. ते राहिलं तर निविदा भरलीच गेली नाही असं समजतात. घड्याळ सर्व्हरचं, त्यामुळे शेवटच्या तासाला बसणाऱ्याला डिजिटल सहीची मुदत संपल्याचं कळलं तर दाद मागायला जागा नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघू उत्पादकाला बयाणा रकमेतून बहुधा सूट मिळते. काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत मात्र भरावी लागते. ती पाच टक्के धरली तर 80 हजार वॉरंटी संपेपर्यंत अडकले.

काम मिळालं, डेस्क पोचले. बिल 16 लाखांचं, वर 18 टक्के जीएसटी 2 लाख 88 हजार. इथे नवख्याला पहिला धक्का बसतो. फेब्रुवारीत बिल फाडलं की कर मार्चमध्ये भरायचा, जिल्हा परिषदेने पैसे दिलेले असोत वा नसोत. कच्च्या मालावर भरलेल्या 1 लाख 98 हजारांचं क्रेडिट वजा जाऊन 90 हजार खिशातून जातात. आता बघा: माल 11 लाख, त्यावरचा कर, मजुरी आणि हे 90 हजार मिळून जवळजवळ 17 लाख बाहेर आहेत. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज वर्षाला 12 टक्के धरलं तर महिन्याला 17 हजार जातात. सहा महिन्यांत निम्मा नफा संपला, वर्षभरात सगळा. आणि आपण एल-वन आलो म्हणून पेढे वाटलेले असतात!

बिल अडतं ते बहुतेक वेळा कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. डेस्क पन्नास शाळांत उतरतात. प्रत्येक मुख्याध्यापकाची सही-शिक्क्याची पोच लागते, साठा नोंदवहीत नोंद लागते. दोन शाळांची पोच राहिली तरी लेखा विभाग हरकत काढून फाइल शिक्षण विभागाकडे परत धाडतो. ते पुरं होतं तोवर उत्तर येतं, 'तरतूद आहे, निधी आलेला नाही.' मंजुरी असणं आणि खात्यात पैसे असणं यांत कधी कधी एक आर्थिक वर्ष उलटतं.

कायदा पुरवठादाराच्या बाजूचा आहे. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून चलनावरची पोचेची तारीख सोन्यासारखी. पुसट शिक्का चालवून घेऊ नये. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर कचेरीला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. फक्त हे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. उद्यम नोंदणीही कंत्राटाच्या आधीची असावी, नंतर काढलेल्या नोंदणीवरून वाद झालेले आहेत.

तरीही परिषदेकडे जाणारे थोडे, कारण पुढची निविदा त्याच कचेरीची असते. जुने पुरवठादार म्हणूनच दर भरतानाच सहा महिन्यांचं व्याज त्यात घालतात आणि निविदापूर्व बैठकीला आवर्जून जातात. तिथे दोनच गोष्टी विचारतात: निधी प्राप्त झालाय का, आणि निम्म्या शाळांचा पुरवठा झाल्यावर त्या भागाचं बिल काढता येईल का? तोंडी 'बघू' वर ते उठत नाहीत. उत्तर शुद्धिपत्रकात आलं तर ते निविदेचाच भाग होतं. नाही आलं, तर काही जण त्या निविदेत दरच भरत नाहीत.