कानाने ऐकलेले, हाताने लिहिलेले

माझी भाची सातवीत आहे. मराठीचा पेपर हातात आला की पहिली ओळ ठरलेली असते : “मावशी, शुद्धलेखनाचे मार्क गेले.” कोणत्या शब्दाचे गेले, असे विचारले की मात्र तिला सांगता येत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही दर रविवारी श्रुतलेखनाला बसायला लागलो. मी वाचायचे, तिने लिहायचे, मग छापील उताऱ्याशी शब्द न् शब्द ताडून पाहायचा.

उतारा चाळीस शब्दांच्या आसपासचा पुरतो. त्याहून मोठा घेतला की हात दुखतो आणि शेवटच्या चुका दमल्यामुळे झालेल्या असतात. वाचन तीनदा करावे. पहिल्यांदा सगळा उतारा नेहमीच्या गतीने वाचावा आणि तेव्हा तिने फक्त ऐकावे. दुसऱ्यांदा चार-पाच शब्दांचे तुकडे करून, प्रत्येक तुकडा दोनदा वाचावा. तिसऱ्यांदा पुन्हा सलग वाचावा, म्हणजे सुटलेला शब्द भरता येतो. तुकडा कुठे तोडायचा याला फार जपावे लागते. मी ‘हिरव्या’ म्हणून श्वास घेतला आणि मग ‘गार’ म्हटले, तर ती ‘हिरव्या गार’ असे दोन शब्द लिहिणार. ती चूक तिची नव्हे, माझी.

एका रविवारचा उतारा हा होता :

“कोकणातल्या दऱ्या हिरव्यागार झाल्या होत्या. गावातल्या वकिलांनी गरीब मुलांना पारंपरिक खेळ शिकवायचे ठरवले. ‘बाबा, आले का सगळे?’ धाकटीने विचारले. परीक्षेच्या दिवसांत खेळाचे महत्त्व कोणाला पटवायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.”

तिच्या वहीत उतरले ते असे :

“कोकणातल्या दर्या हिरव्यागार झाल्या होत्या. गावातल्या वकीलांनी गरिब मुलाना पारंपारिक खेळ शिकवायचे ठरवले. बाबा आले का सगळे धाकटीने विचारले. परिक्षेच्या दिवसांत खेळाचे महत्व कोणाला पटवायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते?”

लाल पेनाने नऊ गोल झाले असते आणि तिथेच सगळे संपले असते. त्याऐवजी प्रत्येक चुकीशेजारी आम्ही एकच गोष्ट लिहिली : ही चूक कानाने पकडता आली असती का? हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जिथे कान सांगतो तिथे पुन्हा ऐकायचे, आणि जिथे कान गप्प असतो तिथे शब्द कुठून आला ते पाहायचे. दोन्हींना ‘दहा वेळा लिही’ हाच उपाय देऊन चालत नाही.

‘दऱ्या’ कानाने पकडता येतो. दोन्ही शब्द मी तिला मोठ्याने म्हणायला लावले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तो म्हणताना जीभ ‘र्’वर अडते आणि आधीच्या ‘द’वर जोर येतो. डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ म्हणताना ‘द’वर काहीच वजन पडत नाही. आघात आला तर रफार, नाही तर ‘ऱ्य’. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा असतो आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचे पैसे द्यायचे असतात, हे तिने स्वतःच शोधून काढले.

‘गरीब’ आणि ‘वकिलांनी’ या दोन्ही ठिकाणी तिने बरोबर उलटे लिहिले होते. इथेही कान मदतीला येतो. ‘गरीब’ म्हणताना शेवटचा ‘ब’ आपण जवळजवळ अर्धा म्हणतो, त्यामुळे ‘री’ लांबते. ‘वकील’चेही तसेच. पण प्रत्यय लागून ‘गरिबाला’, ‘वकिलांनी’ झाले की पुढे आकार येतो आणि मधला इकार आखडतो. ‘फूल’, पण ‘फुलाला’. ‘सून’, पण ‘सुनेला’. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक 14 नियम 1962 साली शासनाने मान्य केले आणि 1972 साली त्यांत चारांची भर पडली. त्या नियमांतला हा भाग आपल्या उच्चाराशी चांगला जुळतो, म्हणून तो पाठ करण्याआधी म्हणून पाहावा.

मग ‘परीक्षेच्या’ का? तिने हा प्रश्न विचारला तेव्हा मला आनंद झाला. परीक्षा हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द आहे : परि + ईक्षा. दोन इकार मिळून दीर्घ ई झाली आणि प्रत्यय लागला तरी ती आखडत नाही. ‘शरीर’चे ‘शरीराला’च होते. बोलताना आपण ‘परिक्षा’च म्हणतो, म्हणून इथे कानावर विसंबता येत नाही. ‘पारंपरिक’चेही असेच आहे. मूळ शब्द ‘परंपरा’. ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्याच अक्षराचा ‘प’चा ‘पा’ होतो, दुसरा ‘प’ तसाच राहतो. शंका आली की आम्ही अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ उघडतो.

‘मुलाना’तला अनुस्वार अर्धवट ऐकू येतो. पुढे ‘ना’ असल्यामुळे नाकातला आवाज त्यातच मिसळून जातो. इथे अर्थ विचारायचा. एकाला असेल तर ‘मुलाला’, अनेकांना असेल तर ‘मुलांना’. प्रत्यय लागलेल्या अनेकवचनावर अनुस्वार हवाच. एका व्यक्तीला आदराने अनेकवचन लावतो तेव्हाही तो येतो : ‘सरांना’, ‘आजोबांनी’.

विरामचिन्हे मी वाचताना मुद्दाम सांगत नाही. ‘स्वल्पविराम’ असे उच्चारून सांगितले तर ती फक्त चिन्ह काढायला शिकते. ‘बाबा आले का?’ म्हणजे बाबा घरी पोचले का. ‘बाबा, आले का?’ म्हणजे प्रश्न बाबांनाच विचारला आहे. हाक मारल्यावर आपण क्षणभर थांबतो, तो थांबा म्हणजे तो स्वल्पविराम. आणि बोललेले शब्द कुठे सुरू झाले, कुठे संपले, हे दाखवायला अवतरणचिन्हे. शेवटच्या वाक्यात ‘कोणाला’ ऐकून तिने प्रश्नचिन्ह दिले होते. पण ते वाक्य काही विचारत नाही, ठाऊक नसल्याचे सांगते. तिथे पूर्णविरामच.

ताडून पाहताना छापील उताऱ्यालाही देव मानू नये. ‘ठरवले’च्या जागी तिने ‘ठरवलं’ लिहिले असते, तर मी त्याला चूक म्हटले नसते. संवादात तर ते शोभूनच दिसते. एका उताऱ्यात एकच रूप राखावे, एवढेच मी सांगते. दोन वाक्यांमध्ये पूर्णविराम की अर्धविराम, यातही लिहिणाऱ्याची निवड असते. अशा जागी आम्ही वहीत ‘फरक’ लिहितो आणि पुढे जातो.

‘महत्त्व’वर मात्र बराच वेळ गेला. दोन ‘त’ ऐकू येत नाहीत, पण शब्द सोडवला की दिसतात : महत् + त्व. एक ‘त’ मूळ शब्दाचा, दुसरा प्रत्ययाचा. तिने शेजारी ‘तत्त्व’ आणि ‘सत्त्व’ लिहिले. तत् + त्व, सत् + त्व.

पुढच्या रविवारी नवा उतारा घेतला, त्यात जुन्या चुकांपैकी पाच शब्द पेरले होते. पाचही बरोबर आले. मात्र नव्याने आलेल्या एका शब्दात तिने दोन ‘त’ घातले : ‘व्यक्तित्त्व’. मी काही बोलायच्या आधीच तिने समासात शब्द सोडवायला घेतला. व्यक्ति + त्व. पहिल्या शब्दाच्या शेवटी ‘त्’ नाही, ‘ति’ आहे, हे तिला दिसले आणि एक ‘त’ तिने स्वतःच खोडला.