आधी न हलणाऱ्या वेळा

‘आमच्या घराचं एक वेळापत्रक करून द्या. मुलांचा अभ्यास संध्याकाळी सात ते नऊ हवा.’ ओळखीतल्या शिक्षिकेकडे किंवा समुपदेशकाकडे येणारी मागणी साधारण एवढीच असते. कोण कधी बाहेर असतं, कुणाला कोणती वेळ मानवते, विश्रांती किती लागते, यातलं काहीच त्यात नसतं. तिन्ही प्रश्न एकदम विचारले, तर उत्तरात बहुतेक वेळा इच्छाच येतात. म्हणून पहिला प्रश्न एकच असावा: ज्यांची वेळ तुमच्या हातात नाही अशी कामं कोणती?

डोंबिवलीतलं एक काल्पनिक कुटुंब घेऊ. बाबा सकाळी ७.५० ची लोकल पकडतात आणि साडेआठला परततात. आई ठाण्याला नोकरी करते. मुलगी दहावीत, शाळा साडेबारा ते पावणेसहा. सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेसहा ते आठ क्लास. धाकटा सकाळच्या शाळेत, त्याची व्हॅन साडेबाराला खाली येते. नळाला पाणी सहा ते सात. आजीची फिजिओथेरपी मंगळवारी आणि गुरुवारी बारा वाजता.

एवढं कागदावर उतरलं की सात ते नऊचा बेत आठवड्यातले तीन दिवस बारगळतो. मुलगी घरी येईपर्यंत सव्वाआठ होतात. तिचा खरा मोकळा वेळ सकाळी आठ ते साडेअकरा आहे, आणि तो आईच्या लक्षात येत नाही, कारण तेव्हा ती स्वतः निघायच्या गडबडीत असते. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे: मंगळवारी आणि गुरुवारी व्हॅन येते तेव्हा धाकट्याला उतरवून घ्यायला कुणीच नाही. आवडीची वेळ विचारून हे कधीच कळलं नसतं.

उत्तर तपासूनही घ्यावं लागतं. ‘अर्धा तास उशीर झाला तर काय होईल?’ असं विचारावं. गाडी चुकत असेल, तर ते काम पक्कं. ‘काही नाही, जरा नंतर करू’ असं उत्तर आलं, तर ती सवय. जाण्यायेण्याचा वेळ लोक हमखास विसरतात, तो वेगळा विचारावा.

आवडीच्या वेळा त्यानंतर. आता प्रश्न नेमका होतो: सकाळी आठला बसशील की नऊला? विश्रांती सगळ्यात शेवटी, कारण सलग किती वेळ मिळतो हे कळल्याशिवाय ती कुठे घालायची ते ठरत नाही. तोवर तासाला दहा मिनिटं धरून कच्चा आराखडा द्यावा. तो हातात पडला की घरचे स्वतःच सांगतात, ‘इथे चहा हवा.’

पाळीची नोकरी असेल तिथे मात्र हा क्रमही पुरत नाही. पक्क्या वेळाच दर आठवड्याला बदलतात, तेव्हा आधी पाळ्यांचा तक्ता मागावा आणि प्रत्येक पाळीचं वेगळं वेळापत्रक करावं.