निसटलेला अंक

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. लहान कचेरीतला हिशेब आणि प्रयोगशाळेतली गणिते एकाच घराण्यातल्या यंत्रांवर चालावीत, असा त्यामागचा बेत होता. अपूर्णांकांच्या वैज्ञानिक हिशेबासाठी यंत्रात दोन रूपे होती. लघु रूपात सहा अंक मावत, दीर्घ रूपात चौदा. हे अंक दहाच्या नव्हे तर सोळाच्या पायावरचे होते: ० ते ९, आणि पुढे A ते F. ज्याला उत्तर नेमके हवे तो दीर्घ रूपच घेणार, हे उघड होते. आणि नेमकी त्याच रूपातली एक साधी वजाबाकी चुकत होती.

वजाबाकी अशी. १ मधून, चौदा अंकांत मांडता येणारी १ च्या लगतची खालची संख्या वजा करायची. दोन्ही संख्या यंत्रात अगदी अचूक साठवलेल्या असतात आणि त्यांच्यातला फरकही यंत्राला सहज लिहिता येण्याजोगा असतो. तरी यंत्र जे उत्तर देई, ते खऱ्याच्या सोळापट असे. शेवटच्या अंकातली ही किरकोळ घट-वाढ नव्हती. सगळे उत्तरच चुकलेले होते.

हे कसे होते, ते पाहण्यासाठी यंत्राची बेरीज-वजाबाकीची रीत उलगडावी लागते. फ्लोटिंग पॉइंट संख्येचे दोन भाग असतात: तिचे अंक म्हणजे मँटिसा, आणि बिंदू कुठे आहे ते सांगणारा घातांक. घातांक वेगळे असतील तर मँटिसा थेट मिळवता येत नाहीत, कारण मग शतकाखाली एकक येईल. म्हणून आधी लहान संख्येची मँटिसा उजवीकडे सरकवून दोन्ही घातांक सारखे करायचे. मग मँटिसांची बेरीज किंवा वजाबाकी. उत्तराला हातचा येऊन ते एका घराने फुगले, किंवा डावीकडे शून्ये साचली, तर बिंदू पुन्हा जागेवर आणायचा, याला नॉर्मलाइज करणे म्हणतात. शेवटी जागेत न मावणारे अंक राउंड करून टाकायचे.

आता हीच वजाबाकी आपल्या ओळखीच्या दशमान पद्धतीत, चार अंकांच्या एका कल्पित यंत्रावर करून पाहू. १.००० मधून ०.९९९९ वजा करायचे आहेत. दुसरी संख्या यंत्रात ९.९९९ × १०⁻¹ अशी बसलेली आहे. घातांक जुळवण्यासाठी तिला एक घर उजवीकडे सरकवले, की शेवटचा ९ चौथ्या अंकाच्या पलीकडे जातो.

```
  1.000
- 0.999|9   <- हा 9 कुठे ठेवायचा?
```

तो फेकून दिला तर उत्तर ०.००१. खरे उत्तर ०.०००१. दहापट चूक झाली, आणि ती पहिल्याच पायरीवर झाली. राउंडिंगची वेळ येण्याआधीच माहिती गेली होती. वजाबाकीत डावीकडचे सगळे अंक एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो तो अगदी उजवीकडचा तुकडा, आणि तोच आपण सरकवताना सांडून बसलेलो असतो. सिस्टम/३६० च्या दीर्घ रूपात पाया सोळाचा, म्हणून तिथे दहापटीऐवजी सोळापट.

या चुकीचा फटका बसायचा तो भलत्याच ठिकाणी. एखाद्या वक्राचा उतार काढताना दोन जवळजवळच्या बिंदूंमधल्या उंचीच्या फरकाला आडव्या अंतराने भागतात. ते अंतर सोळापट मोठे आले तर उतार सोळाव्या हिश्शावर येतो. सूत्र बरोबर, प्रोग्राम बरोबर, दिलेली माहिती बरोबर, आणि उत्तर चूक. असा दोष शोधणाऱ्याला रात्रंदिवस स्वतःच्याच कामावर संशय येतो, कारण यंत्राला वजाबाकी येत नसेल असे कोणाच्या मनातही येत नाही. शिवाय जवळजवळच्या दोन संख्या १ किंवा सोळाच्या अशाच एखाद्या घाताच्या वेगवेगळ्या बाजूंना पडल्या तरच हे घडे. दोन्ही एकाच बाजूला असल्या की घातांक सारखे, सरकवणे नाही, उत्तर अचूक. त्यामुळे तीच चाचणी थोड्या वेगळ्या आकड्यांवर केली की दोष गायब होई.

टोरांटोचे गणितज्ञ विल्यम काहान आणि आयबीएमच्या ग्राहकांची ‘शेअर’ ही संघटना यांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांची मागणी ऐकायला लहान होती: सरकवताना बाहेर पडणारा एक अंक हिशेब संपेपर्यंत धरून ठेवा. लघु रूपात असा राखीव अंक, म्हणजे गार्ड डिजिट, होताच. दीर्घ रूपात तो नव्हता. पण ही मागणी पुरी करायची म्हणजे बेरीज करणारे सर्किटच बदलायचे, तेही ग्राहकांकडे पोहोचलेल्या यंत्रांत. काही वर्षांतच आयबीएमने ते केले, आणि खर्च स्वतः सोसला. मला या कथेतला हा भाग फार मोठा वाटतो. क्रेच्या सुपरकॉम्प्युटरांत तीच उणीव पुढे १९८० च्या दशकातही शिल्लक होती, आणि त्यावर काम करणाऱ्यांना तिला वळसा घालूनच प्रोग्राम लिहावे लागत.

मात्र आयबीएमचे यंत्र उरलेले अंक नुसते छाटत असे. राउंडिंगही चोख हवे असेल तर किती जादा अंक धरून ठेवावे लागतील? लहान संख्या शेकडो घरे सरकू शकते. निसटणारे सगळेच जपायचे म्हटले तर आजच्या दुहेरी रूपासाठी दोन हजारांहून जास्त बिटांची बेरीज करणारे सर्किट लागेल. कोणताही कारखाना ते बांधणार नाही.

इथे एक सुंदर गोष्ट हाती लागते. बायनरीत विचार करू, म्हणजे पाया दोनचा. दोन संख्यांच्या घातांकांत दोन किंवा जास्त फरक असेल, तर लहान संख्या मोठीच्या निम्म्याहून कमी भरते. मग वजाबाकीनंतर निम्म्याहून जास्त उरतेच, आणि नॉर्मलाइज करताना उत्तर फार तर एकच घर डावीकडे सरकते. बाहेर पडलेल्या बिटांतला फक्त पहिला आत परत येतो. उलट घातांकांत फरक एकाचा किंवा शून्य असेल, तर डावीकडचे बिट कितीही नाहीसे होऊ शकतात, पण बाहेर पडलेला बिट फार तर एकच असतो, आणि तो राखून ठेवला की काहीच हरवत नाही. लांबवर सरकवणे आणि डावीकडचे सगळे अंक नाहीसे होणे, ही दोन संकटे एकाच वेळी कधीच येत नाहीत.

म्हणून तीन जादा बिट पुरतात. पहिला गार्ड बिट, नॉर्मलाइज करताना आत यायला तयार असलेला. दुसरा राउंड बिट, उत्तर वर न्यायचे की खाली ते सांगणारा. तिसरा स्टिकी बिट, त्यापलीकडे पडलेल्या सगळ्यांची मिळून एकच नोंद: तिकडे एक तरी १ गेला का? गेला असेल तर हा बिट १ होतो आणि तसाच राहतो.

१९७७ मध्ये फ्लोटिंग पॉइंटचे समान मानक ठरवण्याचे काम सुरू झाले. काहान तोवर बर्कलीला होते. त्यांनी जेरोम कूनेन आणि हॅरल्ड स्टोन यांच्याबरोबर मांडलेल्या मसुद्यातून १९८५ चे IEEE 754 उभे राहिले. त्याची अट कडक आहे: उत्तर असे यावे की जणू बेरीज अमर्याद अंकांत केली आणि मग एकदाच राउंड केली. तीन बिटांमुळे ही अट परवडणारी झाली.

आता पूर्ण बेरीज डोळ्यांसमोर करू. पायथनमध्ये 0.1 + 0.2 लिहिले की 0.30000000000000004 येते, हे अनेकांनी पाहिलेले असते. दशमान ०.१ बायनरीत संपत नाही, हे त्याचे अर्धेच कारण. उरलेले अर्धे बेरजेत दडलेले आहे. यंत्रातले खरे आकडे सोळाच्या पायावर असे दिसतात. p नंतर दोनचा घातांक आहे.

```
>>> (0.1).hex()
'0x1.999999999999ap-4'
>>> (0.2).hex()
'0x1.999999999999ap-3'
```

घातांक −४ आणि −३. लहान संख्या ०.१ ची, म्हणून तिची मँटिसा एक बिट उजवीकडे सरकते. तिचा शेवटचा बिट ० आहे, म्हणजे बाहेर पडतो तो ०. काही गेले नाही. मग बेरीज:

```
  1.999999999999a   (0.2)
+ 0.ccccccccccccd   (0.1, सरकवलेली)
= 2.6666666666667   घातांक -3
```

बिंदूच्या डावीकडे २ आले, म्हणजे हातचा आला. नॉर्मलाइज करण्यासाठी सगळे एक बिट उजवीकडे न्यायचे आणि घातांक −२ करायचा. शेवटचा ७ म्हणजे बायनरीत 0111. त्याचा टोकाचा १ जागेबाहेर पडतो.

```
1.3333333333333|1   घातांक -2
```

बाहेर पडलेला बिट १, आणि त्याच्या मागे काहीच नाही, स्टिकी शून्य. म्हणजे खरे उत्तर शेजारच्या दोन संख्यांच्या बरोबर मधोमध उभे आहे. खालची 1.3333333333333, वरची 1.3333333333334. अशा बरोबरीत मानकाचा नियम असा की ज्याचा शेवटचा बिट सम तो घ्यावा. ३ विषम, ४ सम, म्हणून वर. आणि यंत्रातला ०.३ हा खालच्या जागी बसलेला आहे:

```
>>> (0.3).hex()
'0x1.3333333333333p-2'
>>> (0.1 + 0.2).hex()
'0x1.3333333333334p-2'
```

तो कुप्रसिद्ध ४ येतो तो इथून. ही बेरीज मानकाच्या प्रत्येक अक्षराप्रमाणे झाली आहे. साठवलेल्या दोन संख्यांची खरी बेरीज नेमकी मध्यावर पडली आणि नियमाने तिला वर ढकलले, एवढेच घडले.

स्टिकी बिट काय करतो, तेही असेच पडताळता येते:

```
>>> 1 + 2**-53
1.0
>>> 1 + (2**-53 + 2**-100)
1.0000000000000002
```

पहिल्या बेरजेत सरकवलेला १ बरोबर मध्यावर पडतो, आणि सम म्हणून १.० उरतो. दुसऱ्या बेरजेत तोच १ आहे, फक्त त्याच्या मागे शेहेचाळीस घरे सोडून आणखी एक बारीकसा १ आहे. बेरीज करणाऱ्या सर्किटात त्याला स्वतःची जागा नाही. पण सरकताना त्याने स्टिकी बिट १ करून ठेवला, त्यामुळे यंत्राला कळले की आपण मध्याच्या किंचित पुढे आहोत, आणि शेवटचा बिट वर गेला.