दोन कारकून, एक पाकीट

आमचे एक शिक्षक मित्र आहेत. त्यांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसवून तो घरातल्या एका लहान संगणकाला जोडला. दर दहा मिनिटांची नोंद त्या संगणकाच्या पानावर दिसे. शाळेतल्या मुलांनी हे पान वर्गातून उघडावे आणि पावसाचा आलेख काढावा, असा बेत होता. घरात पान उत्तम दिसे, शाळेतून मात्र ते उघडेना. पावसाळा तर सुरू झालेला. त्याच सुमारास घरातल्या आणखी दोन तक्रारी कानावर आल्या. मुलाच्या गेम कन्सोलवर मित्रांशी जोडणी होत नव्हती आणि परदेशातल्या बहिणीशी व्हिडिओ कॉल केला की आवाज मागे पडे. गंमत म्हणजे बाकीचे इंटरनेट अगदी सुरळीत चालू होते.

चौकशीत एक गोष्ट कळली. इंटरनेट कंपनीने दिलेल्या मोडेमचा वायफाय आतल्या खोलीत पोहोचत नव्हता, म्हणून सरांनी बाजारातून स्वतःचा राउटर आणून मोडेमच्या मागे जोडला होता. तिन्ही तक्रारींचे मूळ येथेच होते. ते समजण्यासाठी राउटर नेमके काय करतो ते आधी पाहू.

जावक नोंदवही

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटीच होतात. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता देण्याइतके ते नाहीत. म्हणून १९९४ साली एक तोडगा मांडला गेला. घरातल्या उपकरणांना खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायचा. या पत्ताबदलाला 'नॅट' म्हणतात.

शाळेच्या कार्यालयातला आवक-जावकचा कारकून डोळ्यांसमोर आणा. शिक्षकाने पत्र दिले की कारकून त्यावर शाळेचा पत्ता आणि जावक क्रमांक घालतो आणि ते कोणाचे आहे ते वहीत लिहितो. उत्तरावर तोच क्रमांक असल्यामुळे ते कोणाला द्यायचे हे त्याला वही पाहून कळते. राउटर हेच करतो. जावक क्रमांकाच्या जागी तेथे 'पोर्ट' क्रमांक असतो.

पण बाहेरून कोणी आपणहून पत्र पाठवले तर? वहीत नोंद नाही, म्हणून राउटर ते टाकून देतो. असे पत्र आत घ्यायचे असेल तर आधी सांगून ठेवावे लागते : '8080 क्रमांकाचे काहीही आले तर ते अमुक संगणकाला द्या.' यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सरांनी हे आपल्या राउटरवर व्यवस्थित केले होते.

दुसरा कारकून

मात्र मोडेम हा नुसता मोडेम नव्हता. आजकाल कंपनीच्या डब्यात बहुधा राउटरही असतो. म्हणजे सरांच्या घरी एकामागे एक असे दोन कारकून बसले होते. पर्जन्यमापकाच्या संगणकाचा पत्ता 192.168.0.20 होता. सरांच्या राउटरची आतली बाजू 192.168.0.1 आणि बाहेरची बाजू 192.168.1.5 होती. मोडेमची आतली बाजू 192.168.1.1 होती. खरा सार्वजनिक पत्ता फक्त मोडेमच्या बाहेरच्या बाजूला होता.

बाहेर जाणाऱ्या पाकिटाचा पत्ता आधी सरांचा राउटर बदलतो, मग मोडेम बदलतो. दोघेही आपापल्या वहीत नोंद करतात, म्हणून उत्तर उलट क्रमाने बरोबर परत येते. संकेतस्थळे चालतात ती यामुळेच, आणि दोष लपून राहतो तोही यामुळेच.

आता शाळेतून येणारे पाकीट पाहा. ते सार्वजनिक पत्त्यावर, 8080 पोर्टवर, म्हणजे प्रथम मोडेमपाशी येते. मोडेमच्या वहीत त्याविषयी काहीच नाही, म्हणून ते तेथेच संपते. सरांनी दिलेली सूचना आतल्या कारकुनाकडे आहे, पण त्याच्यापर्यंत पाकीट पोहोचतच नाही.

गेम कन्सोलचे दुखणेही असेच आहे. तो 'यूपीएनपी' या पद्धतीने राउटरला आपणहून पोर्ट उघडायला सांगतो, पण ही विनंती जवळच्या राउटरपर्यंतच जाते. आतले दार उघडते, बाहेरचे बंदच राहते.

व्हिडिओ कॉलची गोष्ट थोडी वेगळी आहे. कॉलचा कार्यक्रम बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतो, 'माझे पाकीट तुला कोणत्या पत्त्यावरून आलेले दिसते?' ते उत्तर तो पलीकडच्या माणसाच्या यंत्राला कळवतो आणि मग दोघे थेट जोडणीचा प्रयत्न करतात. दोन नॅटमधूनही हे पुष्कळदा जमते. परंतु दोघांपैकी एखादा कारकून प्रत्येक नव्या पत्त्यासाठी नवा जावक क्रमांक देणारा असेल, तर कळवलेला क्रमांक निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. मग कॉल मधल्या सर्व्हरमार्फत फिरून जातो. तो तुटत नाही, पण सर्व्हर दूर असेल तर आवाज उशिरा येतो.

ओळखायचे कसे?

स्वतःच्या राउटरच्या पानावर WAN किंवा Internet या नावाखाली दिसणारा पत्ता वाचा. तो 10. ने, 192.168. ने किंवा 172.16. ते 172.31. यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर राउटरच्या पुढे आणखी एक नॅट आहे. विंडोज संगणकावर पुढील आज्ञा देऊन वाटेतले टप्पेही पाहता येतात.

```
tracert -d 8.8.8.8
  1   192.168.0.1
  2   192.168.1.1
```

येथे पहिला टप्पा सरांचा राउटर आणि दुसरा मोडेम आहे. मात्र केवळ दुसरा पत्ता खासगी दिसला म्हणून निष्कर्ष काढू नये, कारण काही कंपन्या आपल्या जाळ्यातही खासगी पत्ते वापरतात. WAN चा पत्ता हाच खरा पुरावा.

उपाय

एका कारकुनाला कामातून मोकळे करणे हा सरळ उपाय आहे. त्याचे दोन मार्ग आहेत. मोडेम 'ब्रिज' पद्धतीवर ठेवला की तो पत्ते बदलत नाही आणि सार्वजनिक पत्ता थेट आपल्या राउटरला मिळतो. यासाठी कंपनीचे वापरकर्ता-नाव व परवलीचा शब्द बहुधा आपल्या राउटरमध्ये भरावा लागतो. डब्याचा वायफाय किंवा दूरध्वनी त्यामुळे बंद पडत नाही ना, हे आधी विचारावे. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या राउटरला 'अॅक्सेस पॉइंट' करणे. मग तो फक्त वायफाय पुरवतो आणि पोर्टची सूचना मोडेमला द्यावी लागते.

दोन्ही शक्य नसेल तर दोघा कारकुनांना सूचना द्यावी. मोडेमने 8080 हे 192.168.1.5 ला द्यावे आणि राउटरने ते पुढे 192.168.0.20 ला. यासाठी 192.168.1.5 हा पत्ता मोडेममध्ये राखून ठेवावा लागतो, नाहीतर तो बदलला की सूचना फुकट जाते. कन्सोलचा प्रश्न मात्र याने सुटत नाही.

सरांनी राउटर अॅक्सेस पॉइंट केला आणि 8080 ची सूचना मोडेमला दिली. राउटरने पत्ते वाटणे थांबवल्यामुळे संगणकाला मोडेमकडून नवा पत्ता मिळाला. तोच सूचनेत लिहून राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊस दिसू लागला. कन्सोलचीही तक्रार मिटली. व्हिडिओ कॉलचा आवाज पूर्वीपेक्षा कमी रेंगाळतो, पण अधूनमधून रेंगाळतोच, कारण पलीकडच्या टोकालाही एक कारकून आहे.

एक मर्यादा सांगायला हवी. मोडेमच्या बाहेरच्या बाजूचा पत्ताच 100.64. ते 100.127. या पट्ट्यातला असेल, तर आणखी एक कारकून खुद्द कंपनीत बसलेला आहे. २०१२ साली हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवला गेला. त्या कारकुनाच्या वहीला आपला हात पोहोचत नाही. तेव्हा कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा किंवा दोन्ही टोकांना आयपीव्ही६ असल्यास ते वापरावे. त्यात पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे पत्ते बदलण्याची गरजही उरत नाही. फक्त राउटरच्या फायरवॉलला ते पाकीट आत सोडायला सांगावे लागते.