खालच्या मजल्यावरची ओल

आमचा भाड्याने दिलेला फ्लॅट अठरा वर्षांचा झाला, त्या पावसाळ्यात खालच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुमच्या बाथरूमखाली आमच्या छताला ओल आलीय, पोपडे पडतायत." मी निर्धास्त होते. पावसाची ओल असेल, सोसायटी बघेल. पण प्लंबरने नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवलं, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पाणी खुणेच्या बोटभर खाली होतं आणि काकूंकडचा डाग पसरला होता. म्हणजे गळती लादीखालून होती. बाथरूम फोडावं लागलं आणि त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागली.

याला अचानक आलेला खर्च म्हणायचं का, हा प्रश्न मला नंतर पडला. लाद्यांच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं, ट्रॅपच्या कडेची भेग रुंदावते, भिंतीतला लोखंडी पाइप गंजतो. बाथरूम बांधलं त्या दिवसापासूनच हे चालू असतं. तारीख तेवढी कुणी सांगत नाही.

गेल्या दिवाळीत मावसभाऊ म्हणाला, "ताई, माझ्या कोथरूडच्या फ्लॅटचं गणित घालून दे ना." दोन बेडरूम, दोन बाथरूम, इमारत 14 वर्षांची, भाडं 24 हजार. भाड्याचे 10 टक्के बाजूला टाकले की झालं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. पण भाडं ठरतं मेट्रो किती लांब आहे त्यावर आणि गीझर फुटतो तो पाणी किती जड आहे त्यावर. म्हणून आम्ही टक्के ठेवले बाजूला आणि वही घेऊन फ्लॅटमध्येच गेलो.

वहीत प्रत्येक वस्तूपुढे तीनच आकडे मांडले: आज करायचं तर किती लागेल, ती साधारण किती वर्षं टिकते आणि किती वर्षं होऊन गेली. भाव त्याच्याच भागातल्या कारागिरांना विचारून घेतले. तुमच्याकडे ते वेगळे निघतील.

रंगकाम 45 हजारांचं, ते चार वर्षं टिकतं आणि एक वर्ष झालेलं. दोन गीझर मिळून 20 हजार, आठ वर्षांचे, त्यातली पाच गेलेली. दारं, खिडक्या आणि किचनच्या ट्रॉल्या 80 हजार, सोळा वर्षांच्या हिशेबाने. त्यातली चौदा सरलेली, शिवाय मागच्या बेडरूमच्या चौकटीला वाळवीची माती दिसत होतीच. शेवटी दोन्ही बाथरूम, नवीन पाइप आणि वॉटरप्रूफिंगसह 2 लाख. यात कामाच्या महिन्यात बुडणारं 24 हजारांचं भाडंही धरलं, कारण बाथरूम फोडलेलं असताना त्या घरात कोणी राहणार नाही. हा आकडा बहुतेक मालक विसरतात. बाथरूमचं आयुष्य वीस वर्षं धरलं, म्हणजे सहा उरली.

खर्चाला आयुष्याने भागलं की प्रत्येक वस्तूचा वर्षाचा हप्ता निघतो. रंगाचे 11,250, गीझरचे 2,500, लाकूडकामाचे 5,000, बाथरूमचे 10,000. बेरीज 28,750, म्हणजे महिन्याला सुमारे 2,400. भाऊ खूश झाला. "बघ, 10 टक्केच आले!"

आले खरे, पण हा हप्ता घर नवं असताना सुरू केला असता तर पुरला असता. त्याची गंगाजळी आज शून्यावर आणि घर मात्र 14 वर्षांचं. पुढची वर्षं एकेक करून मांडली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या वर्षी लाकूडकाम येतं तेव्हा खात्यात 57,500 असतात आणि लागतात 80 हजार. तिसऱ्या वर्षी रंग आणि गीझर एकदमच येतात. सहाव्या वर्षी बाथरूम, सातव्या वर्षी पुन्हा रंग, आणि तिथे तूट जवळपास 1 लाख 89 हजारांवर जाते. गेली 14 वर्षं त्याने जे भाडं सगळं कमाई म्हणून खर्च केलं, त्यातला एवढा भाग त्या भिंतींचा होता.

यावर दोन उपाय. एक तर आजच तेवढी रक्कम एकदम बाजूला ठेवायची. नाहीतर पहिली सहा वर्षं हप्त्यावर आणखी 32 हजार भरायचे, म्हणजे वर्षाला 60,750, महिन्याला पाच हजारांच्या थोडं वर. सातव्या वर्षापासून पुन्हा 28,750 पुरतात. ओढाताण आहे, पण सातव्या वर्षीचं रंगकाम झाल्यावरही खात्यात तीन-साडेतीन हजार शिल्लक राहतात. त्याने दुसरा मार्ग घेतला.

मग त्याने विचारलं, "सोसायटीला दरमहा मेंटेनन्स भरतो, त्यातही दुरुस्ती निधी असतोच की." असतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीला आणि पाव टक्का सिंकिंग फंडाला जातो. पण तो पैसा गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि जिने यांचा. आपल्या बाथरूमची किंवा सिंकची आतली गळती ज्याची त्यानेच निस्तरायची. उलट इमारत 15 वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते आणि तिच्या अहवालानंतर सभेत जादा वर्गणीचा ठराव येऊ शकतो. भावाची इमारत पुढच्याच वर्षी त्या वयाची होते. वहीत त्यासाठी एक कोरी ओळ सोडली आहे. पहिला अहवाल आला की आकडा भरायचा.

प्राप्तिकरात पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्ती करा अथवा नका करू. बाजूला टाकलेल्या पैशाला वेगळी सवलत मात्र नाही.

पैसे ठेवायचे वेगळ्या खात्यात आणि त्यातून आवर्ती ठेव. भाडेकरूचं डिपॉझिट यात मुळीच मिसळायचं नाही. ते आपल्या खात्यात दिसतं, पण ते परत द्यायचं देणं आहे. बाथरूम त्यातून केलं आणि करार संपून भाडेकरू निघाला, की पैसे आणायचे कुठून? नळाचा वॉशर, बल्ब, कडी असला किरकोळ खर्चही इथून करायचा नाही. तो महिन्याच्या भाड्यातूनच जाऊ द्यावा, नाहीतर गंगाजळीला रोज एक भोक पडतं.

वहीतली वर्षं म्हणजे अंदाजच, म्हणून दर दिवाळीला दोन गोष्टी करायच्या. कारागिरांना नवे भाव विचारून हप्ता पुन्हा मांडायचा, कारण मजुरी वाढतेच आणि ठेवीचं व्याज ती वाढ पुरती भरून काढेल याचा भरवसा नाही. आणि वस्तू डोळ्यांनी पाहायच्या. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गीझरच्या टाकीत क्षार साचतात. आतली मॅग्नेशियमची कांडी झिजून संपली की टाकीचंच लोखंड गंजू लागतं. कांडी वेळेवर बदलली, तर आठ वर्षांचा गीझर दहा वर्षं जाऊ शकतो. नाहीच बदलली, तर पाचव्या वर्षीही टाकी गळेल.

या मेमध्ये भावाचा भाडेकरू करार संपून गेला. दुसरा यायला आठवडा होता, तेवढ्यात त्याने दोन्ही बाथरूमांत पाणी साठवून पाहिलं. एकाची खूण जागची हलली नाही. दुसऱ्यात पाणी चोवीस तासांत नखभर उतरलं. खालच्यांचं छत अजून कोरडं होतं. त्याने वही काढली, त्या बाथरूमपुढचा सहाचा आकडा खोडला आणि तीन लिहिला.