‘म्हणून’, ‘सारखा’ आणि लाइक-ॲजचा घोळ

नोकरीच्या अर्जात एक वाक्य हमखास भेटतं: ‘आय हॅव वर्क्ड लाइक अ सुपरवायझर फॉर थ्री इयर्स.’ लिहिणाऱ्याला सांगायचं असतं की तीन वर्षं त्याने सुपरवायझर म्हणून काम केलं. वाक्य मात्र भलतंच सांगतं. तो सुपरवायझर नव्हता, पण तीन वर्षं सुपरवायझरसारखा वागत होता, असा त्याचा अर्थ होतो. तीन वर्षांचा खरा अनुभव एका शब्दाने नकली ठरतो. ‘लाइक’च्या जागी ‘ॲज’ घातलं की काम झालं, पण ते कुठे घालायचं हे कळणं महत्त्वाचं.

खरं तर हा फरक मराठी माणसाला शिकवावाच लागू नये. ‘ती डॉक्टर म्हणून बोलली’ आणि ‘ती डॉक्टरसारखी बोलली’ या दोन वाक्यांत आपली कधीच गल्लत होत नाही. पहिलीतली बाई डॉक्टर आहे. दुसरीतली बहुधा नाही. शेजारच्या काकू तापावर सल्ला देतात तेव्हा आपण दुसरं वाक्य वापरतो. इंग्रजीतही नेमकी हीच वाटणी आहे: ‘म्हणून’च्या जागी ‘ॲज’, ‘सारखा’च्या जागी ‘लाइक’. ‘शी स्पोक ॲज अ डॉक्टर’ म्हणजे त्या नात्याने, त्या अधिकाराने बोलली. ‘शी स्पोक लाइक अ डॉक्टर’ म्हणजे त्या थाटात बोलली. नाम पुढे असेल तेव्हा मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणून बघावं, उत्तर जवळजवळ नेहमी बरोबर येतं.

मग चूक होते कुठे? जिथे मराठीचा एकच प्रत्यय दोन्ही कामं करतो, तिथे.

‘वडिलांप्रमाणे’ आणि ‘सांगितल्याप्रमाणे’ हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. पहिल्यात ‘वडील’ हे नाम आहे, दुसऱ्यात ‘सांगणे’ हे क्रियापद. पण मराठी क्रियापदाचं ‘सांगितल्या’ असं रूप करून त्यालाही तोच ‘प्रमाणे’ जोडते. त्यामुळे पुढे नाम आहे की अख्खं वाक्य, याकडे आपल्या कानाचं लक्षच जात नाही. शालेय व्याकरणाची इंग्रजी मात्र इथेच रेघ ओढते. नाम किंवा सर्वनाम असेल तर ‘लाइक’: ‘ही वॉक्स लाइक हिज फादर.’ कर्ता-क्रियापदाचं पूर्ण वाक्य असेल तर ‘ॲज’: ‘डू ॲज आय सेड.’ ‘सांगितल्याप्रमाणे करा’ याचं भाषांतर ‘डू लाइक टोल्ड’ असं होतं, ते याच सवयीतून.

ही रेघ इंग्रजीभाषकांनाही जड जाते, आणि त्यावरून तिथे चांगलंच रण माजलं आहे. 1954 साली अमेरिकेत विन्स्टन सिगारेट बाजारात आली. तिची जाहिरात होती, ‘विन्स्टन टेस्ट्स गुड लाइक अ सिगारेट शुड’. सिगारेटची चव जशी असायला हवी तशी, असा अर्थ. ‘लाइक’नंतर ‘अ सिगारेट शुड’ हे क्रियापदासकट आलेलं वाक्य आहे, तेव्हा इथे ‘ॲज’च हवं, असं म्हणत व्याकरणप्रेमी खवळले. कंपनीने शब्द बदलला नाही. उलट पुढे त्या वादावरच जाहिराती केल्या आणि गिऱ्हाइकाला विचारलं की तुम्हाला चांगलं व्याकरण हवं की चांगली चव. वाक्याआधी ‘लाइक’ वापरण्याची रीत शतकानुशतकं जुनी आहे आणि आज बोलण्यात ती सर्रास चालते. ‘इट लुक्स लाइक इट विल रेन’ म्हटलं म्हणून कोणी अडवत नाही. परीक्षेचा पेपर, अर्ज, कार्यालयीन पत्र इथे मात्र ‘ॲज’ किंवा ‘ॲज इफ’ लिहिणंच शहाणपणाचं.

या वादाने एक उलटी चूकही जन्माला घातली. ‘लाइक’ गावंढळ वाटतं म्हणून काही जण सगळीकडे ‘ॲज’ लिहू लागतात. ‘ही फॉट ॲज अ लायन’ असं लिहिलं की तो सिंहासारखा न लढता सिंह म्हणून लढतो! उपमा हवी तिथे ‘लाइक’च लागतं. त्याला घाबरायचं कारण नाही.

आता खरा अवघड भाग, उदाहरणांचा. इथे आपला ‘सारखा’ स्वतःच संदिग्ध आहे. ‘तुकारामांसारखे संत’ म्हटलं की तुकाराम त्या संतांत धरले जातात. ‘तुझ्यासारखी माणसं मला आवडतात’ यात ‘तू’ही आवडतोस हे गृहीत असतं. पण ‘साखरेसारखे गोड पदार्थ टाळा’ असं डॉक्टरांनी सांगितलं तर साखरही टाळायची, की साखरेइतकं गोड असेल ते? बोलताना सूर आणि प्रसंग अर्थ सांभाळून घेतात. कागदावर ते दोन्ही नसतात.

इंग्रजीतल्या ‘लाइक’चीही हीच गत आहे. एखाद्या सोसायटीच्या नोटिशीत ‘व्हेइकल्स लाइक टेम्पोज आर नॉट अलाउड’ असं लिहिलेलं असतं. कोणी टेम्पो घेऊन आलं, तर नोटीस त्यालाच अडवते. पण शब्द काटेकोर वाचणारा म्हणू शकतो की टेम्पोसारखी वाहनं बंद आहेत, टेम्पो नव्हे. असा वाद घालणारा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. ‘व्हेइकल्स सच ॲज टेम्पोज’ लिहिलं की वाद संपतो, कारण ‘सच ॲज’नंतर येणारी वस्तू त्या गटातलीच असते, ती नमुना म्हणून दाखवलेली असते. ‘लाइक’ साम्य दाखवतं, ‘सच ॲज’ सभासद दाखवतं. चांगले लेखकही उदाहरणांसाठी ‘लाइक’ वापरतात आणि शब्दकोश त्याला चूक म्हणत नाहीत, हे खरं. पण जिथे पैसा, हक्क किंवा मनाई त्या शब्दावर अवलंबून आहे, तिथे, म्हणजे करारात, नियमांत, औषधाच्या सूचनेत, ‘सच ॲज’ हाच शब्द योग्य.

‘सच ॲज’ लिहिताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे शेवटी ‘एटसेट्रा’ जोडायचं नाही. ही यादी नमुन्यापुरती आहे हे ‘सच ॲज’नेच सांगितलेलं असतं. मराठीतही ‘उदाहरणार्थ आंबा, फणस, काजू इत्यादी’ असं लिहिण्याची सवय आहे, तिथेही ‘इत्यादी’ फुकट जातं. दुसरी गोष्ट स्वल्पविरामाची. उदाहरणं काढून टाकल्यावर वाक्य खरं राहतं का, ते बघायचं. ‘मेटल्स, सच ॲज कॉपर, कंडक्ट इलेक्ट्रिसिटी’ यात कॉपर काढलं तरी धातू वीज वाहून नेतातच, म्हणून स्वल्पविराम हवा. ‘फ्रूट्स सच ॲज मँगोज रायपन आफ्टर पिकिंग’ यात आंबा काढला तर सगळीच फळं तोडल्यावर पिकतात असं होतं, आणि ते खोटं आहे; द्राक्षं पिकत नाहीत. इथे स्वल्पविराम नको.

‘लाइक’ने तुलना करताना आणखी एक खड्डा लागतो: ‘लाइक पुणे, द ट्रॅफिक इन मुंबई इज हेवी.’ यात पुण्याची तुलना मुंबईच्या ट्रॅफिकशी झाली, शहराची शहराशी नव्हे. ‘पुण्याप्रमाणे मुंबईतही’ असं आपण सहज म्हणतो आणि ‘मुंबईत’मधला ‘त’ पुण्यालाही आपोआप लागू धरतो. इंग्रजी तसं धरत नाही. तिथे ‘ॲज इन पुणे’ लिहावं लागतं, म्हणजे ‘पुण्यात जसं आहे तसं’.