मॅग्नेट, टच कॅच की टॉवर बोल्ट?

कपाटाचा पल्ला बंद राहण्यासाठी तीन वस्तू सर्रास वापरल्या जातात: मॅग्नेट कॅच, टच कॅच आणि टॉवर बोल्ट. तिघींचे काम एकच वाटले तरी त्या पल्ला धरतात वेगवेगळ्या रीतीने. मॅग्नेट पल्ल्याला ओढून धरतो आणि ठरावीक जोर लागला की सोडून देतो. टच कॅच धरतो आणि बोटाने दाबताच स्वतःहून पल्ला बाहेर ढकलतो. टॉवर बोल्ट मात्र सळईने पल्ला अडवतो. सळई हाताने मागे घेतल्याशिवाय तो हलत नाही. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न असा, की त्या पल्ल्यावर बाहेरून कोणता जोर येणार आहे?

मॅग्नेट कॅचच्या डबीत काळ्या फेराइट चुंबकाचा तुकडा दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये बसवलेला असतो. पल्ल्यावरच्या पत्रीला टेकतात त्या या पट्ट्यांच्या कडा. दोन्ही कडा पत्रीला पूर्ण टेकल्या तर पकड घट्ट बसते. मध्ये जेमतेम एक मिलिमीटर फट राहिली तरी पकडीचा मोठा भाग जातो. पत्रीवर चढलेला रंगाचा जाड थरही तेच करतो. ‘मॅग्नेट कमजोर झाला’ ही तक्रार त्यामुळे बहुधा खोटी असते. फेराइटचे चुंबकत्व घरच्या वापरात सहसा जात नाही, बिजागरी मात्र सैल होते आणि पल्ला खाली बसून पत्री तिरकी टेकू लागते. ओळखायची खूण सोपी आहे: पत्री सुटी काढून हाताने डबीवर ठेवावी. ती घट्ट चिकटली तर चुंबक शाबूत आहे, दोष बसवण्यात आहे.

बसवण्याची रीतही यावरूनच ठरते. डबीची स्क्रूची भोके लांबट असतात, ती उगाच नाहीत. डबी आधी आतल्या बाजूच्या फळीवर सैल लावावी. पत्री चुंबकालाच चिकटवून ठेवावी आणि पल्ला दाबून बंद करावा. पत्रीमागे टोके असतील तर ती पल्ल्यावर खूण उमटवतात, नसतील तर पेन्सिलने जागा आखावी. पत्री तिथे लावल्यावर पल्ला बंद स्थितीत ठेवून डबी तिला टेकेपर्यंत पुढे सरकवायची आणि मग आवळायची. पत्रीचा स्क्रू मात्र करकचून आवळू नये. ती किंचित हलती राहिली तर स्वतःच सपाट बसते.

डबी बिजागरीपासून जितकी दूर, तितकी पकड उपयोगी पडते. चार किलोची पकड असलेला मॅग्नेट पल्ल्याच्या मोकळ्या कडेला लावला, तर मुठीशी तेवढाच जोर लावावा लागतो. तोच पल्ल्याच्या मध्यावर लावला, तर मुठीशी दोन किलोत दार उघडते. लहान मुलांच्या कपाटाला हा गुण ठरू शकतो. ज्या पल्ल्याला आधीच स्प्रिंगची बिजागरी आहे, म्हणजे शेवटचे थोडे अंतर जो स्वतःच ओढून घेतो, त्याला मॅग्नेट लावणे हा निव्वळ जादा खर्च. मॅग्नेटची जागा आहे साध्या बिजागरीच्या पल्ल्यावर: देव्हारा, पुस्तकांचे कपाट, माळ्याची लहान दारे.

खिडकीला मात्र तो पुरत नाही, आणि याचा हिशेब करता येतो. खिडकीचा पल्ला ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच धरू. ताशी ६० किलोमीटरचा झोत सरळ आदळला, तर दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो दाब येतो. या पल्ल्यावर सुमारे १२ किलो. हा दाब मध्यावर धरला, तर मोकळ्या कडेला त्याचा निम्मा, म्हणजे सहा किलो. चार किलोचा मॅग्नेट तिथे सुटणारच. वळवाच्या पावसाआधी येणारे वारे पाहता हा झोत काही दुर्मीळ नाही.

टच कॅचमध्ये स्प्रिंगवर चालणारा दांडा असतो. पल्ला दोन-तीन मिलिमीटर आत दाबला की आतली अडक सुटते आणि दांडा पल्ल्याला बाहेर ढकलतो. परत दाबला की अडक पुन्हा बसते. मूठ नको असलेल्या गुळगुळीत पल्ल्यांसाठी ही सोय आहे, आणि हात भरलेले असताना गुडघ्याने उघडायच्या कचऱ्याच्या डब्याच्या कपाटाला ती खरोखर शोभते. पण तिच्या दोन अटी आहेत. पल्ला आणि कपाटाची कड यांत दाबायला जागा हवी, नाहीतर अडक सुटायच्या आतच पल्ला कडेला टेकतो. आणि चुंबकी टोकाच्या टच कॅचसोबत बिजागरी बिनस्प्रिंगची हवी. स्प्रिंगची असली तर दांडा बाहेर ढकलतो, बिजागरी आत ओढते, आणि पल्ला किंचित हलून परत मिटतो. दुकानदार हे क्वचितच सांगतात. अरुंद स्वयंपाकघरात तिसरी कटकट होते: ओट्याशी उभ्या माणसाची मांडी लागली, की खालचे दार उघडते. बंद करताना ‘टक’ असा आवाज येईनासा झाला, तर बहुधा दांड्याचे टोक पुरेसे आत जात नसते. बऱ्याच कॅचमध्ये ते टोक फिरवून लांबी कमी-जास्त करता येते.

टॉवर बोल्टची खरी गरज कळते ती दोन पल्ल्यांच्या उंच कपाटात. सात फुटी प्लायचा पल्ला कालांतराने थोडा बाक धरतो, आणि मॅग्नेट तो बाक सरळ करू शकत नाही. म्हणून जाणते सुतार डाव्या पल्ल्याला आतून वर आणि खाली चार इंची टॉवर बोल्ट लावतात. तो पल्ला असा पक्का अडकला, की उजवा त्यावर टेकतो आणि कुलपाने किंवा मॅग्नेटने बंद राहतो. वरच्या बोल्टची सळई स्वतःच्या वजनाने खाली उतरू पाहते. त्यामुळे वर सरकवल्यावर तिची खुंटी आडवी फिरवून खाचेत बसवावी लागते. बाजारातला बोल्ट घेतानाच ती खाच नीट धरते का, ते पाहावे.

खिडकीला सहा ते आठ इंची, मोठ्या दाराला दहा-बारा इंची बोल्ट चालतो. त्याचा जोर सळईपेक्षा स्क्रूवर अवलंबून असतो: आखूड स्क्रूचा जाड बोल्ट एका धक्क्यात चौकटीतून उपटतो. कोकणच्या खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट लवकर गंजून अडकतो, तिथे पितळ किंवा स्टेनलेस बरे. न्हाणीघराला आतून बोल्ट लावण्याआधी विचार करावा, कारण लहान मूल अडकले किंवा वृद्ध माणूस आत पडला तर तो बाहेरून उघडत नाही. नाण्याने बाहेरून फिरणारे कुलूप तिथे योग्य.

बोल्ट भोकात जाईनासा झाला, की लोक भोक मोठे करतात. त्याआधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून पाहावेत. तरीही चुकत असेल तर सळईच्या टोकाला खडू लावून ती सरकवावी. जिथे पांढरी खूण पडते, तिथेच भोक हवे. फरशीतले भोक मात्र धुळीने भरते, आणि सळई अर्धीच आत गेलेली असताना बोल्ट लागल्यासारखा दिसतो. तेव्हा झाडताना ते भोक काडीने मोकळे करावे.